गुरुवार त्याचा, रविवार माझा

आमचं लग्न १८ फेब्रुवारी २०२४ ला नागपुरात झालं. तेव्हा मी बर्डीवरच्या एका सरकारी बँकेच्या शाखेत अधिकारी होते आणि पंकज भोसरी एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. लग्न ठरताना 'बघू, एक-दोन वर्षांत कुणीतरी इकडे नाहीतर तिकडे येईल' एवढ्यावर दोन्ही घरं थांबली. आम्हीही थांबलो. पत्रिका, पगार, पुण्यातल्या खोलीचं भाडं, सगळं विचारून झालं होतं. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते, हे मात्र कुणीच कुणाला विचारलं नाही. आता दोन गावांत संसार मांडणाऱ्या कुणाशीही बोलताना मी आधी तोच प्रश्न विचारते.

भोसरी-पिंपरी भागातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. पंकजलाही गुरुवारचीच. मला रविवार, शिवाय दुसरा आणि चौथा शनिवार. (बँकांना पाच दिवसांचा आठवडा येणार येणार असं आमच्याकडे कधीपासून चाललंय, अजून यायचाय.) म्हणजे आठवड्यातला एकही दिवस असा नाही की दोघंही घरी. हे मला कळलं लग्नानंतर दहा दिवसांनी. २८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी त्याला गाडीत बसवून प्लॅटफॉर्मवर उभी होते, तेव्हा मी म्हटलं, "आता पुढच्या शनिवारी मी येते." तो खिडकीतून म्हणाला, "ये, पण शनिवारी मला फर्स्ट शिफ्ट आहे. रविवारीपण."

पहिल्या फेरीचा हिशोब सांगते, म्हणजे अंतर म्हणजे काय ते कळेल. नागपूर ते पुणे रेल्वेने नऊशे किलोमीटरच्या आसपास. ८ मार्चला, शुक्रवारी महाशिवरात्रीची सुट्टी होती. संध्याकाळी निघाले, शनिवारी सकाळी पुण्यात उतरले, तिथून लोणावळा लोकलने चिंचवड. त्याच्या खोलीची किल्ली शेजारच्या काकूंकडे. तो चार वाजता आला, अंघोळ करून पाच. अकरापर्यंत जागा राहिला, कारण सकाळी सहाला कंपनीची बस. रविवारी तो साडेतीनला सुटला आणि मला स्टेशनवर सोडायलाच थेट पुण्यात आला. आम्ही दोघं जागेपणी एकत्र होतो ते तास मी परतीच्या गाडीत मोजले. सात अधिक दीड. साडेआठ तासांसाठी मी तीसेक तास प्रवास केला होता, आणि सोमवारी सकाळी स्टेशनवरून घरी जाऊन, तोंड धुऊन, साडेदहाला काउंटरवर.

उलट फेरीचं गणित तर आणखी वाईट. तो बुधवारची पाळी करून निघाला तर गुरुवारी सकाळी नागपुरात, आणि मी साडेनऊला बँकेत. संध्याकाळी सातला मी घरी येईपर्यंत त्याची परतीची गाडी गेलेली. दोन वेळा आम्ही हे केलंय. एकदा तर माझ्या हातचे पोहे खाऊन, सासूबाईंच्या हातचं जेवून, दुपारी झोपून तो गेला आणि आमची भेट झाली ती पोह्यांपुरती.

यावर उपाय सापडायला दोन महिने लागले, आणि तो त्याच्या कारखान्यातच होता. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर बदल्यात सी-ऑफ, म्हणजे भरपाईची सुट्टी मिळते. पंकजने सुपरवायझरला सांगून ठेवलं की गुरुवारी माणूस कमी पडला तर मला आधी बोलवा. असे दोन गुरुवार भरले की महिन्यातला एक शनिवार-रविवार मोकळा. तो आम्ही माझ्या चौथ्या शनिवारला जोडायला लागलो. मग दुसऱ्या शनिवारी जायचंच नाही असं ठरवलं. आधी वाटलं होतं की महिन्यातून दोनदा भेटावं, कमी वेळ तर कमी वेळ. पण साडेआठ तासांच्या भेटीनंतर दोघंही आठवडाभर चिडचिडे असायचो. दोन पूर्ण दिवसांची एक भेट बरी पडली. ज्यांना शनिवार-रविवार दोघांनाही सुट्टी आहे त्यांना हे लागू नाही, त्यांनी जरूर दोनदा भेटावं.

पण हे सगळं कळण्याआधी मार्च अखेर झाली.

बँकेतल्या माणसाशी लग्न करणाऱ्याला मार्चबद्दल लेखी सूचना द्यायला हवी. पंकज २८ मार्चला, गुरुवारी सकाळी आला. २९ ला गुड फ्रायडे, मला सुट्टी. ३० चा शनिवार पाचवा, म्हणजे कामाचा. ३१ ला रविवार, मला सुट्टी, आणि त्याने दोन दिवस रजा घेऊन रविवार अदलाबदलीने मोकळा केलेला. चार दिवस, लग्नानंतरचा सगळ्यात मोठा मुक्काम. पण त्या वर्षी ३१ मार्च रविवारी आल्यामुळे सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांच्या शाखा त्या दिवशी उघड्या ठेवा असं रिझर्व्ह बँकेने आठवडाभर आधीच सांगितलं होतं. मला ते शाखेत कळलं त्याच दिवशी पंकजला कळवायला हवं होतं. मी नाही कळवलं. वाटलं, तो येणारच नाही मग. प्रत्यक्षात गुरुवारी मी रात्री साडेनऊला आले, शनिवारी दहाला, आणि रविवारी तो त्याच्या बाबांसोबत ऑटोने स्टेशनवर गेला तेव्हा मी चलनांच्या ढिगात होते. गाडी सुटल्यावर त्याचा फोन आला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मी आईबाबांना भेटून चाललो. तुला भेटायचं राहिलं."

त्यानंतर चार दिवस आम्ही फक्त 'जेवलीस?', 'हो' एवढंच बोललो. पाचव्या दिवशी त्याने एका कोऱ्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. त्यावर त्याच्या कंपनीचं ऑडिट, वार्षिक शटडाउन, त्याच्या पाळ्या लाल पेनने लिहिलेल्या. खाली लिहिलं होतं, 'आता तुझं भर.' मी सप्टेंबर आणि मार्चचे शेवटचे दहा दिवस, शाखेची तपासणी, मॅनेजर रजेवर जाणार ते दिवस काळ्या पेनने भरले. जे पांढरं उरलं तेवढं आमचं वर्ष. दिसायला फार कमी होतं, पण निदान दिसत तरी होतं. वाईट बातमी दडवायची नाही, असं काही शपथेवर ठरलं नाही आमचं. कॅलेंडरमुळे ती दडवताच येत नव्हती, एवढंच.

फोनची कथा वेगळी. मी मानेवाड्याला सासरी राहत होते. बरेच जण म्हणाले की नवरा तिकडे तर तू माहेरीच राहा, माहेर काय, प्रतापनगरातच तर आहे. मी सासरी राहायचं ठरवलं कारण पंकज आला की तो तिथेच येणार होता, आणि मला प्रत्येक वेळी बॅग भरून नवऱ्याला भेटायला सासरी जायचं नव्हतं. निर्णय चुकला नाही, पण त्या घरात फोनवर बोलायला जागाच नव्हती. आमच्या खोलीला लागून हॉल, हॉलमध्ये टीव्ही, टीव्हीसमोर बाबा. मी "हॅलो" म्हटलं की स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज, "पंकजशी बोलून राहिली का? मग मले दे जरा." जरा म्हणजे बारा मिनिटं. काय जेवला, केस कापले का, मेसवाला तेल कोणतं वापरते. फोन माझ्याकडे परत यायचा तोवर तो बोलून दमलेला.

मग गच्ची. मार्चमध्ये छान होती. एप्रिलच्या शेवटी रात्री दहालाही स्लॅब एवढा तापलेला असायचा की चप्पल काढून उभं राहता यायचं नाही. खाली यावं तर कूलर सुरू. ज्यांनी नागपूरचा लोखंडी डेझर्ट कूलर ऐकलाय त्यांना सांगायला नको. त्याच्यासमोर नवराबायकोने प्रेमाने बोलायचं म्हणजे दोघांनी ओरडून बोलायचं. बंद करावा तर दोन मिनिटांत घामाच्या धारा. शेवटी मी स्कूटी घेऊन कोपऱ्यावरच्या दूधवाल्याच्या बंद दुकानापाशी जायला लागले. तिथे पायरी होती आणि दिवा होता. शेजारच्या काकूंनी सासूबाईंना विचारलंच, "सून रोज रात्री कुठं जाते?" सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्याशी बोलाले. घरी आम्ही बोलू देत नाही." हे मला त्यांनीच सांगितलं, हसत, आणि त्या दिवसापासून रात्री साडेनऊला त्या बाबांना घेऊन शतपावलीला जायला लागल्या. शतपावली म्हणजे चांगली तीन-चार किलोमीटर.

पाळ्यांचा घोळ मात्र घरचा कुणी सोडवणारा नव्हता. पहिली पाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, तिसरी रात्रीची, आणि दर आठवड्याला बदल. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो खोलीवर पोचायचा साडेबाराला आणि मी तोवर डोळे ताणून बसायची. मे महिन्यात एकदा मी आमच्या मोठ्या भांडणांच्या तारखा आठवून त्याच्या कॅलेंडरवर ठेवल्या. पाचपैकी चार भांडणं दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातली, रात्री साडेबारानंतरची. विषय पाहिले तर एकाचाही आता अर्थ लागेना. एक तर गॅस सिलिंडर कुणाच्या नावावर यावरून होतं. एक माणूस आठ तास उभा राहून आलेला आणि दुसरा झोपेतून उठवलेला, यांच्यात दुसरं काय होणार? त्या आठवड्यात रात्रीचा फोन बंद केला. त्याऐवजी सकाळी नऊला, मी निघण्याआधी आणि तो उठल्यावर, चहा घेताना दहा मिनिटं. दहाच. त्यात कामाचं काही काढायचं नाही. पैसे, तिकिटं, घरचे निरोप, हे सगळं लिहून पाठवायचं, म्हणजे ज्याला जेव्हा वेळ तेव्हा त्याने वाचावं.

अंतरामुळे काळजी कशी वेडीवाकडी होते याचं एक उदाहरण. ३० मे २०२४ ला गुरुवार होता, तो खोलीवर होता. त्या दिवशी नागपुरात ५६ अंश तापमानाची नोंद झाल्याची बातमी फिरत होती. मी फोन ड्रॉवरमध्ये ठेवलेला. दुपारी चारला पाहिलं तर त्याचे नऊ मिस्ड कॉल. स्वयंचलित केंद्रातल्या सेन्सरचा दोष होता असं नंतर कळलं. मी म्हटलं, अरे आमच्या शाखेत एसी आहे, मला स्वेटर लागतो. तो म्हणाला, "ते मला इथून कसं दिसणार?"

आता विवाह नोंदणीचं सांगते, कारण पुढे बदलीसाठी हाच कागद सगळ्यात आधी लागला. महाराष्ट्रात लग्नापासून ९० दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज दिला तर बरं, नंतर विलंब शुल्क लागतं. आमचे ९० दिवस १८ मेला संपत होते. महापालिकेच्या झोन कार्यालयात नमुना 'ड' चा अर्ज, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. दोघांनी समक्ष हजर राहायचं, कामाच्या दिवशी. इथे पंकजचा गुरुवार पहिल्यांदा कामी आला. सरकारी कार्यालयाच्या दिवशी त्याला सुट्टी!

पाडव्याला तो आला आणि ११ एप्रिलचा गुरुवार गाठून जायचं ठरलं. मलाही त्या दिवशी बँकेची सुट्टी, म्हणजे माझी रजा वाचणार, याचा मला फार आनंद. तीन साक्षीदार घेऊन आम्ही झोन कार्यालयाच्या बंद फाटकासमोर उभे राहिलो तेव्हा पंकजने विचारलं, "तुला सुट्टी कशाची आहे?" रमजान ईदची. तीच सुट्टी महापालिकेलाही असते हे माझ्या, म्हणजे वर्षाच्या सुट्ट्या तोंडपाठ असणाऱ्या बँकवालीच्या, डोक्यात आलं नव्हतं. साक्षीदारांना तर्री पोहे खिलवून परत पाठवलं. पुढच्या गुरुवारी, १८ ला, तो पुन्हा आला, कारण १९ ला नागपुरात लोकसभेचं मतदान होतं आणि त्याचं नाव इथल्याच यादीत. पण मतदानाच्या आदल्या दिवशी कार्यालयातली बरीच माणसं निवडणुकीच्या कामाला. यातही चूक आमचीच, हे कुणालाही सुचायला हवं होतं.

९ मेला काम झालं, तेही धडपणे नाही. पत्रिकेवर माझं घरचं नाव छापलेलं, 'रेणू'. कागदपत्रांवर 'रेणुका'. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि शांतपणे विचारलं, "यातल्या कोणाचं लग्न झालं?" मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून दुपारी परत. साक्षीदारांपैकी माझ्या मामाने तोवर दोनदा घड्याळ पाहून झालं होतं. अर्ज गेला, आणि प्रमाणपत्र पुढच्या आठवड्यात बाबांनी जाऊन आणलं. लग्न ठरलेल्यांना एवढंच सांगते, पत्रिकेवर हौसेने काहीही छापा, पण वधूवरांचं आणि वडिलांचं नाव आधारवर आहे तसंच छापा. आणि तीनही साक्षीदार गावातलेच निवडा.

तिकिटांचं तंत्र मला बाबांनी शिकवलं, ते रेल्वेतून निवृत्त झालेले. तेव्हा आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. कॅलेंडरवरचे पांढरे शनिवार दिसले की मी त्या त्या दिवशी सकाळी आठला थर्ड एसीची तिकिटं काढून टाकायची, जायचं नक्की असो वा नसो. तिकीट बाराशे-तेराशेचं. ४८ तासांच्या आधी रद्द केलं तर थर्ड एसीला १८० रुपये अधिक थोडा कर आणि ऑनलाइनचं शुल्क एवढंच जायचं. ऐनवेळी तत्काळ काढण्यापेक्षा हे स्वस्त, कारण कन्फर्म तत्काळ रद्द केलं की एक पैसा परत नाही. बाबांनी दुसरी गोष्ट सांगितली ती वेटिंगची. नागपूरहूनच सुटणाऱ्या गाडीचं शेवटपर्यंतचं वेटिंग असेल तर स्क्रीनवर GNWL दिसतं, आणि ते उतरायची शक्यता बरी असते. हावड्याहून येणाऱ्या आझाद हिंदसारख्या गाडीत आपण मधूनच चढतो, तिथे RLWL किंवा PQWL दिसलं तर वेटिंग वीसचं असलं तरी भरवसा ठेवायचा नाही. मी एकदा ठेवला होता. चार्ट लागल्यावर कळलं, आणि मग रात्री ट्रॅव्हल्सची स्लीपर बस, वरचा बर्थ, मागचा टायर.

शाखेतून स्टेशन गाठणं मात्र सोपं होतं. सीताबर्डीहून मेट्रोने दोनच स्टेशनं. शुक्रवारी मी बॅग घेऊनच बँकेत जायची आणि शिपाई भाऊ ती रेकॉर्ड रूममध्ये ठेवायचे. बॅगेत माझे कपडे थोडे, बाकी सासूबाईंचा फराळ. सांबारवडी त्या हमखास द्यायच्या. (विदर्भाबाहेरच्यांसाठी, सांबार म्हणजे कोथिंबीर.) ती दुसऱ्या दिवशी मऊ पडते हे माहीत असूनही द्यायच्या, आणि चिंचवडच्या खोलीत एका तव्यावर, एकाच उलथन्याने आम्ही ती परत खरपूस करायचो. पहिल्या वर्षातला आमचा संसार म्हणाल तर तो तवा.

श्रावण लागला आणि नवा प्रश्न उभा राहिला. आपल्याकडे लग्नानंतरचं पहिलं वर्ष म्हणजे सगळंच पहिलं. पहिली मंगळागौर, पहिला पोळा, पहिल्या महालक्ष्म्या, दिवाळसण, पहिली संक्रांत. तो नसताना मंगळागौर झाली, त्याला काही हरकत नाही, ती आमचीच रात्र असते. पण १५ ऑगस्ट त्या वर्षी गुरुवारी आला. अख्ख्या कॅलेंडरवर दोघांना आपोआप सुट्टी असलेला असा दिवस मोजकाच. पंकज बुधवारी सकाळी आला आणि शुक्रवारी गेला. त्या दोन दिवसांत आम्ही चार घरी जेवलो. मावशीकडे दुपारी, आत्याकडे रात्री, माझ्या माहेरी, मग त्याच्या मित्राकडे. 'नवीन जोडपं' म्हणून सगळ्यांनी मनापासून बोलावलेलं, नाही कसं म्हणणार? स्टेशनवर जाताना ऑटोत आम्ही पहिल्यांदा एकटे होतो, आणि तेव्हा तो झोपला.

मी सासूबाईंना सांगायला दोन दिवस घेतले. शब्द जुळवत होते. त्यांनी पूर्ण ऐकलंही नाही. म्हणाल्या, "मग काऊन बोलली नाही आधी?" महालक्ष्म्यांना तो ११ सप्टेंबरला सकाळी आला तेव्हा मावशींचा फोन आला, त्यांनीच उचलला. "पोट्टं रात्रभर गाडीत बसून आलं, आता झोपू दे त्याले. उद्या विसर्जनाले तुम्हीच या इकडे." झालं. मी असते तर तीन वाक्यं माफीची बोलले असते आणि शेवटी जेवायला गेले असते. नाही म्हणायचं काम घरातल्या मोठ्या माणसाकडे सोपवता येत असेल तर जरूर सोपवा. तेव्हापासून नागपूरच्या भेटी घरच्यांच्या आणि पुण्याच्या आमच्या, अशी वाटणी पडली. पुण्यात मी आलेय हे आम्ही कुणाला कळवायचो नाही. तिथेही त्याची दोन मावसभावंडं आहेत. त्यांनी हे वाचलं तर वाचलं.

दिवाळीआधी रेल्वेने जाहीर केलं की १ नोव्हेंबरपासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडणार. माझं चार महिन्यांचं नियोजन कोलमडणार होतं. ३१ ऑक्टोबरपर्यंत काढलेली तिकिटं चालणार होती, म्हणून घरात फराळाचा घाणा सुरू असताना मी फेब्रुवारीच्या शेवटापर्यंतची तिकिटं काढत बसले. पुढे साठ दिवसांची सवय झाली, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं. चार महिन्यांनंतर आपल्याला कधी रजा मिळेल हे कुणाला माहीत असतं? माझी रद्द होणारी तिकिटं निम्म्यावर आली.

वर्षअखेरीला हिशोब केला. लग्नाच्या वाढदिवसापर्यंत १९ भेटी, त्यातल्या मी केलेल्या ९. प्रवासाला साठ हजारांच्या आसपास, त्यात एक विमान आणि दिवाळीतली एक ३,२०० रुपयांची बस. त्याचं भाडं महिना नऊ हजार. ही रक्कम सुरुवातीपासून दोघांनी निम्मी निम्मी वेगळ्या खात्यात टाकायला हवी होती. आम्ही ते सहाव्या महिन्यात केलं. त्याआधी 'मीच जास्त वेळा येतो' हे वाक्य दोघांच्याही तोंडी येऊन गेलं होतं.

बदलीचा अर्ज मी जानेवारी २०२५ मध्ये केला. विवाहित महिला कर्मचाऱ्याने विनंती केली तर तिला शक्यतो नवरा असेल त्या ठिकाणी किंवा जवळ नेमावं, अशी सूचना अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांना ऑगस्ट २०१४ मध्ये दिलेली आहे. 'शक्यतो' या शब्दावर सगळं चालतं. जागा रिकामी हवी, आणि आपण जातो तिथे यायला कुणी हवं. अर्जाला विवाह प्रमाणपत्र, पंकजच्या कंपनीचं लेटरहेडवरचं पत्र आणि त्याच्या खोलीचा नोंदणीकृत भाडेकरार जोडला. कंपनीच्या पत्राला तीन आठवडे लागले, म्हणून ते आधी मागून ठेवा. नाव बदललं नसलं तरी चालतं, मी बदललेलं नाही. पण माझा पहिला अर्ज परत आला तो वेगळ्याच कारणाने. बँकेच्या नोंदीत मी अजून 'अविवाहित' होते. लग्न होऊन अकरा महिने झाले होते, बँकेतल्या सगळ्यांनी अक्षता टाकल्या होत्या, आणि पोर्टलवर कळवायचं मीच विसरले होते. मुदत संपायला तीन दिवस असताना ते दुरुस्त झालं.

१८ फेब्रुवारी २०२५ ला मंगळवार होता. तो तिसऱ्या पाळीला, मी शाखेत. सासूबाईंनी पुरण घातलं आणि आम्ही तिघांनी खाल्लं.

मेच्या मध्यावर बदल्यांची यादी लागली. माझं नाव पुणे विभागात होतं. शाखा दोन दिवसांनी कळली, दौंड. नागपूरहून पुण्याला जाताना पहाटे ज्या स्टेशनवर मी उठून केस विंचरायचे, तेच. मी पंकजला फोन लावला. दुसरी पाळी होती, तरी लावला.

"दौंड," मी म्हटलं.

तो आधी हसला आणि मग मशीनच्या आवाजात ओरडून म्हणाला, "हडपसरला खोली बघतो. तिथून तुला पॅसेंजर आहे, मला बस. सुट्टी मात्र तुझी रविवारचीच ना?"